नगरांची स्थाननिश्चिती

नगरांची स्थाननिश्चिती : एखादे नगर ठराविक ठिकाणीच का वसले आणि वाढले, याचा विचार नगर-भूगोलात ‘स्थाननिश्चिती’ या सदराखाली केला जातो. नदीचा उतार, बंदर, घाटाचा पायथा, दोन मार्गांचा सांधा ही नगरे उदयास येण्याची परिचित ठिकाणे होत. या सर्वांत एक गोष्ट समान आढळते. तेथे प्रवाशाला किंवा मालाला थांबणे भाग पडते. नावेतून माल उतरवून बैलाच्या पाठीवर घालावा लागतो, नदीचे पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते किंवा घाट चढण्यापूर्वी जनावरांना विश्रांती द्यावी लागते. या सक्तीच्या मुक्कामातून धर्मशाळा, वखार, जकातीचे नाके, सावकाराची पेढी आणि बाजार निर्माण होतात. वाहतूक जेथे न थांबता पुढे जाऊ शकते, तेथे गाव वसते. परंतु त्याचे नगर सहसा होत नाही.

नगराच्या ठिकाणाचा विचार करताना दोन बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली बाजू प्रत्यक्ष जागेची : तेथील जमीन उंच आहे की सखल, गोडे पाणी आहे की नाही, नावांना आसरा मिळतो की नाही. दुसरी बाजू सापेक्ष स्थानाची : ती जागा इतर प्रदेशांच्या, मार्गांच्या व सत्ताकेंद्रांच्या संदर्भात कोठे पडते. जागेचे गुण शतकानुशतके जवळजवळ स्थिर राहतात. सापेक्ष स्थानाचे मूल्य मात्र राजवट बदलल्याने किंवा नवा मार्ग निघाल्याने एका पिढीतही पालटू शकते. रायगड जिल्ह्यातील रेवस ते रेवदंडा ही लहानशी किनारपट्टी या भेदाचे उत्तम उदाहरण होय. चौलसारखे प्राचीन बंदर, अलिबागसारखे राजधानीचे व पुढे जिल्ह्याचे ठिकाण आणि थळसारखे अनेक सोयी असूनही गावच राहिलेले स्थळ, अशी तीन भिन्न उदाहरणे येथे एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर आढळतात.

किनाऱ्याची जडणघडण : अलिबाग तालुक्याचा पश्चिम किनारा मुख्यतः वाळूचा आहे. लाटांनी व वाऱ्याने रचलेले वाळूचे लांबट उंचवटे किनाऱ्याला समांतर पसरले आहेत. त्यांच्या पूर्वेस भातखाचरे व खाजणाची सखल जमीन लागते आणि त्यापलीकडे टेकड्यांची ओळ दिसते. सखल भाग पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पुष्कळ ठिकाणी खारा आहे. त्यामुळे कोरडी व वस्तीयोग्य जागा वाळूच्या उंचवट्यावरच मिळते.

गोडे पाणीही याच वाळूत सापडते. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. समुद्रापासून थोड्याच अंतरावर फारशा खोल नसलेल्या विहिरीला गोडे पाणी लागते, त्याचे कारण हेच. हा थर जाड नसतो. उपसा बेताचा असेल, तर दर पावसाळ्यात तो भरून निघतो. परंतु अल्पावधीत फार उपसा झाला, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. पूर्वी रहाटाने पाणी काढले जाई, तेव्हा उपशाला आपोआप मर्यादा पडे.

या विहिरींवर माडा-पोफळींच्या वाड्या उभ्या राहिल्या आणि वाड्यांमुळे या पट्ट्याला ‘अष्टागर’ हे नाव मिळाले. आठ आगरांच्या याद्यांत थोडाफार फरक असला, तरी सासवणे, आवास, किहीम, थळ, अक्षी, नागाव, चौल व रेवदंडा ही गावे त्यांत सामान्यतः येतात. येथील वस्ती जुनी आहे. अक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) मधील शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो.

आगरी गावांची रचना या भूमीतूनच ठरली. उंचवट्याच्या माथ्यावरून किनाऱ्याला समांतर असा एक मुख्य रस्ता जातो. त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि घरांमागे लांबट वाड्या असतात. समुद्राकडील टोकाला मासळी वाळविण्याच्या मोकळ्या जागेलगत कोळीवाडा आणि पूर्वेकडे भातशेती. असे गाव दोरीसारखे लांबत जाते. ते चारी दिशांना फुगत नाही. आजही मोटारीने अलिबागहून रेवदंड्यास जाताना एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हे सहजी कळत नाही, याचे मूळ या रचनेत आहे.

खाडीमुख आणि भरतीची हद्द : वाळूच्या पट्टीने पाणी व निवारा दिला, व्यापार दिला तो खाड्यांनी. कोकणातील बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावून थोड्या अंतरात समुद्रास मिळतात आणि त्यांच्या खालच्या भागात भरतीचे पाणी खोलवर शिरते. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सु. ४ मी. फरक पडतो. भरतीला सु. ६ तास लागतात. या प्रवाहाबरोबर तासाला ४ ते ५ किमी. वेगाने नाव गेली, असे धरले तर एका भरतीत ती २४ ते ३० किमी. आत पोहोचते. रेवदंड्याच्या खाडीतून कुंडलिकेने रोह्यापर्यंतचे आणि धरमतरच्या खाडीतून अंबा नदीने नागोठण्यापर्यंतचे अंतर साधारण एवढेच आहे. म्हणजे खाडीमुखाशी एक व भरती जेथे संपते तेथे दुसरे, अशी बाजारगावांची जोडी एका भरतीच्या अंतरावर वसलेली दिसते. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढत असल्याने माल भरलेले पडाव वरपर्यंत नेण्यासाठी उधाणाची वाट पाहावी लागे.

भरतीच्या हद्दीवरील गावाला आणखी एक लाभ होता. त्याच्या खाली खाडीचे पात्र रुंद व चिखलाचे असल्याने ती तरीशिवाय ओलांडता येत नसे. त्याच्या वर नदी अरुंद होई आणि उन्हाळ्यात पायउतार मिळे. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारा खुष्कीचा मार्गही याच ठिकाणी नदी ओलांडत असे. देशावर नदीचा उतार आणि बाजार यांची सांगड पैठण किंवा वाई येथे दिसते. कोकणात त्या सांगडीत नावेचा धक्काही मिसळतो. पनवेल, पेण, नागोठणे, रोहे, महाड आणि दक्षिणेस चिपळूण ही गावे कमीअधिक प्रमाणात याच प्रकारची आहेत. नागोठण्याचा अंबा नदीवरील जुना दगडी पूल सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या काजी अलाउद्दिनाने बांधला, असे सांगतात. खाडीमुखावरील बंदराच्या माणसाने आतल्या नदीवर पूल बांधावा, यावरून बंदराची भरभराट कोणत्या वाटेवर अवलंबून होती, हे स्पष्ट होते.

ही साखळी पुढे घाटाशी जोडली जाई. भरतीच्या हद्दीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट, पायथ्याशी मुक्काम, नंतर सहाशे मीटरांच्या आसपासची चढण आणि माथ्यावर पुन्हा मुक्काम. बोरघाटासारख्या घाटाने मीठ, मासळी, नारळ व परदेशी माल वर जाई; धान्य, कापूस व कापड खाली येई. प्रत्येक टप्प्यावर वाहन बदलत असल्याने प्रत्येक टप्प्यावर बाजार होता. यांतील कोणतेही एक गाव सुटे पाहिल्यास त्याच्या स्थानाचा उलगडा होत नाही. साखळी म्हणून पाहिल्यास होतो.

चौल व रेवदंडा : कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या चौलला सुरक्षित खाडी, गोडे पाणी, नारळी-पोफळीचा पिछाडा आणि घाटाकडे जाणारा मार्ग या चारही गोष्टी लाभल्या. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात ‘सेमुल्ल’, ‘सिमुल्ल’ अशा नावांनी, कान्हेरीच्या लेखांत ‘चेमुल’ या नावाने आणि अरब प्रवाशांच्या लेखनात ‘सैमूर’ या नावाने येणारे बंदर चौलच होय, असे सामान्यतः मानले जाते. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन हा विक्रीसाठी घोडा घेऊन चौल येथे उतरला आणि तेथून पालीमार्गे जुन्नरला गेला. घोड्यांची आयात, देशावरील सुलतानांची मागणी आणि घाटवाट या तिन्ही गोष्टी त्याच्या प्रवासात एकत्र दिसतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी खाडीच्या अगदी मुखाशी, आजच्या रेवदंड्याच्या जागी, आपले ठाणे वसविले. १५२१ मध्ये तेथे किल्ल्याच्या कामास आरंभ झाला. निजामशाहीच्या ताब्यातील मूळचे चौल आतल्या बाजूस राहिले. खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि खाडीच्या तोंडावर त्यांचा पूर्ण ताबा बसला. दोन सत्तांची दोन नगरे अशी शेजारी शेजारी नांदण्याचे कारण त्यांचे परस्परावलंबन होय : पोर्तुगीजांकडे समुद्र होता, तर निजामशाहीकडे घाटवाट.

या इतिहासाने आजची रचना ठरविली आहे. चौल मोकळे, पाखाड्यांत विखुरलेले व वाड्यांत लपलेले आहे. रेवदंडा मात्र तटाच्या आत आहे. अलिबागकडून येणारा रस्ता आजही जुन्या तटातून वाट काढीतच गावात शिरतो. व्यापारी व धर्मगुरू यांची घरे, चर्चे व मठ जेथे होते, तेथे आता बहुतांशी माडांच्या वाड्या आहेत आणि ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोऱ्याचा अवशेष त्यांतून डोके वर काढतो. नगर नाहीसे झाले, तरी त्याची हद्द टिकून राहिली आहे.

चौलच्या ऱ्हासाचे कारण म्हणून खाडीत साचलेल्या गाळाकडे बोट दाखविले जाते. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. गाळ साचण्याच्या क्रियेला दीर्घ काळ लागतो. चौलची उतरती कळा त्या मानाने वेगाने आली. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि चौलमागचा राजकीय पिछाडा तुटला. सतराव्या शतकात सुरतेचा व नंतर मुंबईचा उदय झाला. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या स्वाधीन केले, तेव्हा दूरदेशीच्या व्यापाराशी असलेला त्याचा उरलासुरला संबंधही संपला. जागा तीच होती, सापेक्ष स्थान बदलले.

थळ : अलिबागच्या उत्तरेस सु. ६ किमी.वर असलेल्या थळला सापेक्ष स्थानाचे मूल्य एके काळी विलक्षण होते. त्याच्या समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही बेटे असून मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारी जहाजे त्यांच्या जवळून जातात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून तो रोखण्याचा प्रयत्न केला. थळ व नागाव या बाजूंनी लहान होड्या उथळ पाण्यातून, वारा पडलेला असताना वल्ह्यांच्या बळावर, माणसे व सामान बेटावर पोचवीत. इंग्रजांच्या शिडाच्या मोठ्या जहाजांना त्या अडविणे साधले नाही. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावली आणि थळसमोरची दोन्ही बेटे एकमेकांची वैरी झाली.

मग थळचे नगर का झाले नाही? याचे उत्तर त्याच उथळ पाण्यात आहे. थळला किनारा आहे, पण खाडी नाही. बेटांचा आडोसा अपुरा पडतो. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि होड्या वाळूवर ओढून घ्याव्या लागतात. ओढून घेता येणारी होडी मासेमारीस पुरते. मालाने भरलेले गलबत तसे ओढता येत नाही. शिवाय थळहून घाटाकडे थेट जलमार्ग नाही. टेकड्या व धरमतरची खाडी मध्ये येतात. होड्यांना सोयीचे असलेले उथळ पाणी युद्धात उपयोगी पडले, व्यापारात आड आले. म्हणून थळ हे कोळीवाडा व वाड्या असलेले गाव राहिले.

अशा प्रतिउदाहरणाचे शास्त्रीय मोल मोठे आहे. नगर वाढल्यावर त्याचे ठिकाण अपरिहार्य होते, असे नेहमीच वाटू लागते आणि प्रत्येक गुणाला कारणाचे रूप दिले जाते. त्या गुणांपैकी काही असूनही जी गावे वाढली नाहीत, त्यांच्याशी तुलना केल्यावरच कोणता गुण निर्णायक होता, हे ठरविता येते. थळ व चौल यांची तुलना केल्यास गोडे पाणी, वाड्या, मच्छीमारी व समुद्रसान्निध्य या गोष्टी दोहोंकडे सारख्या आढळतात. फरक उरतो तो आसऱ्याच्या खाडीचा व घाटवाटेचा.

अलिबाग : अलिबागचा उदय व्यापारातून नव्हे, तर सत्तेतून झाला. किनाऱ्यासमोरील खडकावर शिवकाळाच्या अखेरीस कुलाबा किल्ला उभा राहिला. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते, भरतीत तो समुद्रात एकटा पडतो. कान्होजी आंग्रे यांनी येथे आरमाराचे केंद्र केले. किल्ल्यासमोरील किनाऱ्यावर हिराकोट बांधला गेला आणि दरबाराभोवती गाव वाढले. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले. परंतु इंग्रजांनी कारभाराचे ठाणे येथेच ठेवले आणि पुढे कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून अलिबाग कायम झाले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, मुख्य ठिकाण बदलले नाही. जिल्ह्याच्या मध्यापासून दूर, समुद्राच्या कडेला असलेले हे ठिकाण आज नव्याने निवडले गेले असते, असे म्हणता येणार नाही. परंतु कचेऱ्या, न्यायालय, शाळा व वकिलांची घरे एकदा जमली, की ती हलविण्याचा खर्च गैरसोयीपेक्षा जास्त ठरतो. यास ‘स्थानाचे जडत्व’ म्हणता येईल. जुनी कारणे संपल्यावरही नगरे जागच्या जागी राहतात, ती मुख्यतः त्यामुळे.

जुन्या स्थानांचा आजच्या रचनेवरील ठसा : लोहमार्गाने खाडीव्यापाराचा पाया काढून घेतला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. तो कल्याण-कर्जतवरून गेला आणि मुंबईहून गलबताने पनवेलला व तेथून घाटाकडे जाण्याची गरज उरली नाही. तथापि विसाव्या शतकातील मुंबई–गोवा रस्ता पुन्हा पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड असा जुन्या उतारांच्या ओळीनेच गेला. किनाऱ्याने जायचे, तर प्रत्येक रुंद खाडीवर मोठा पूल हवा. भरतीच्या हद्दीशी लहान पुलावर भागते. रेवदंडा व साळाव यांच्या दरम्यान पूल होईपर्यंत किनाऱ्याने मुरूडकडे जाणाऱ्यास कुंडलिका तरीने ओलांडावी लागे. महामार्ग समुद्रापासून आत का आहे, याचे उत्तर नावांच्या काळातील भूगोलात सापडते.

या वारशाची दुसरी बाजू पुराची आहे. भरती जेथे संपते, तेथेच डोंगरातून येणारे पाणी तिच्याशी भिडते. अतिवृष्टी व उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर नदीच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे या भागांत मोठी प्राणहानी झाली. २००५ व २०२१ च्या जुलैमध्ये महाड पाण्याखाली गेले. जुन्या पेठा धक्क्याला चिकटून वसल्या, कारण त्या काळी धक्क्यापासूनचे प्रत्येक पाऊल हमालीचा खर्च होता. आज धक्का नाही, पण पेठ व पूर दोन्ही तेथेच आहेत. खाजणात भराव घालून नवी वस्ती केल्यास पाणी पसरण्याची जागा कमी होते आणि पुराची पातळी जुन्या पेठेत वाढते.

किनारी आगरांपुढील प्रश्न निराळा आहे. थळ-वायशेत येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला. मुंबई हायचा नैसर्गिक वायू हा त्याचा कच्चा माल आणि पेणहून आलेला मालवाहू लोहमार्ग ही त्याची वाट. अशा रीतीने ज्या गावाला गलबतांच्या युगात पिछाडा मिळाला नाही, त्याला नळ व रूळ यांनी तो मिळवून दिला. परंतु नवी रचना जुनीत मिसळली नाही : कारखाना व लोहमार्ग आतल्या बाजूस, कामगारांची वसाहत अलिबागजवळ कुरूळ येथे, आणि कोळीवाडा व वाड्या पूर्वीप्रमाणे वाळूच्या पट्टीवर. अलीकडे मुंबईशी दळणवळण वाढले आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी जलसेवा सुरू झाली आणि २०२४ मध्ये शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. त्यामुळे किहीम, आवास, थळ या पट्ट्यात सुटीच्या घरांची मागणी आली. नवी घरे त्याच वाळूच्या उंचवट्यावर उभी राहतात आणि त्याच गोड्या पाण्यावर विजेचे पंप चालवितात. विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ लागणे, पोफळीचे शेंडे करपणे आणि पावसाळ्यानंतर चव पूर्ववत होण्यास वर्षागणिक अधिक वेळ लागणे, ही उपसा मर्यादेबाहेर गेल्याची लक्षणे होत.

स्थाननिश्चितीच्या अभ्यासाचा व्यावहारिक उपयोग येथे दिसतो. कोणत्याही जुन्या गावाची मर्यादा त्याच्या जन्मकारणात दडलेली असते. रोहे, नागोठणे व महाड येथे ती नदीला पसरण्यासाठी लागणारी जागा आहे. थळ ते रेवदंडा या पट्टीत ती वाळूतील गोड्या पाण्याच्या थराची जाडी आहे. नगररचनेच्या आराखड्यात रस्ते व इमारती यांच्या आधी या मर्यादेची आखणी व्हावी लागते. कारण रस्ता वळविता येतो, भरतीची हद्द वळविता येत नाही.